दीपगृहावरचा ढग कुठून आला? एका कंपोझिट फाइलचा उलटा माग

एका प्रदर्शनासाठी आम्ही भिंतीवरचा मोठा पॅनल केला होता. रात्रीचं दीपगृह, खाली फुटणारी लाट, वर अर्धवट ढगाआड गेलेला चंद्र आणि पक्ष्यांचा एक थवा. दिसायला एकच फोटो, प्रत्यक्षात चौदा वेगवेगळ्या चित्रांतून जोडलेला. काम दोघांचं होतं, माझं आणि माझ्या एका सहकारी मैत्रिणीचं. पॅनल छापला, लागला, उतरला. दहा महिन्यांनी आयोजकांचा निरोप आला: याच चित्राचं पोस्टर करून विकायचं आहे, तर त्यात कुठलं चित्र कुठून घेतलंय आणि प्रत्येकाची परवानगी काय आहे, ते लेखी द्या.

मागणी अगदी रास्त होती. प्रदर्शनात लावणं वेगळं आणि विकणं वेगळं. नऊ चित्रं आमची स्वतःची होती, त्यांची चिंता नव्हती. बाहेरून घेतलेल्या पाचांपैकी चारांच्या नोंदी ईमेलमध्ये सापडल्या. उरला एक ढग, चंद्राच्या डाव्या अंगाचा. मी मैत्रिणीला फोन केला. "अगं, तो डावा ढग कुठला गं?" "मला वाटलं तूच आणलास," ती म्हणाली. त्या एका ढगाने आमचे चार दिवस खाल्ले. हे लिखाण त्या चार दिवसांचं आणि त्यानंतर आम्ही फाइली ठेवण्याची पद्धत कशी बदलली त्याचं.

आधी प्रश्न: छापलेली फाइल कुठली?

ढगापर्यंत पोचण्याआधीच गाडी अडली. फोल्डर उघडला तर आत हे:

```
deepgruh_final.psd
deepgruh_final2.psd
deepgruh_final2_NEW.psd
deepgruh_final_print.psd
deepgruh_final_print (1).psd
```

नाव बघून वाटतं, छापलेली म्हणजे `final_print`. तारखांवरून ठरवू म्हटलं तर पाचही फाइलींची तारीख एकच, आणि तीही काम संपल्यानंतर दोन महिन्यांची. मधे सगळा फोल्डर क्लाउडवरून नव्या डिस्कवर उतरवला होता आणि उतरवताना फाइलींना त्या दिवसाची तारीख चिकटली होती. फाइलीची तारीख ही अशी बेभरवशाची वस्तू आहे. ती संगणकाने लावलेली असते, काम करणाऱ्याने नव्हे, आणि नुसत्या हलवाहलवीत ती पुसली जाऊ शकते.

सुदैवाने छापखान्याला दिलेली टिफ फाइल ईमेलमध्ये होती. मग पाचही फाइली एकेक करून तिच्याशी ताडल्या. पद्धत साधी आहे आणि माहीत असावी अशी आहे. पीएसडीची, म्हणजे फोटोशॉपच्या लेयर असलेल्या फाइलीची, एक सपाट प्रत करायची, तिच्यावर टिफ तंतोतंत बसवायची आणि वरच्या लेयरचा ब्लेंड मोड डिफरन्स करायचा. दोन्ही चित्रं सारखी असतील तिथे शुद्ध काळं दिसतं. बारीक फरक डोळ्यांना दिसत नाही, म्हणून सगळ्यांच्या वर लेव्हल्सचा लेयर टाकून पांढऱ्याची खूण 255 वरून दहाच्या आसपास खेचायची. मग इवलासा फरकही दिव्यासारखा पेटतो. आमची टिफ आरजीबीतच होती म्हणून हे जमलं. सीएमवायकेत रूपांतर झालेली असती तर रंगांच्या बदलामुळे सगळीकडेच भुरभुर दिसली असती आणि निष्कर्ष काढणं कठीण झालं असतं.

`final_print` पेटून उठली, म्हणजे ती छापलेली नव्हतीच. जवळजवळ पूर्ण काळी निघाली ती `final2_NEW`. जवळजवळ म्हणायचं कारण, उजव्या कोपऱ्यात एक लहानसा ठिपका तेवढा चमकत होता. पीएसडीत तिथे एक पक्षी होता, टिफमध्ये नव्हता. मग आठवलं: पाठवायच्या आदल्या रात्री मी तो पक्षी थेट टिफमधूनच पुसला होता. पाच मिनिटांचं काम, पीएसडी पुन्हा उघडायचा कंटाळा. म्हणजे छापलेलं चित्र एकाही पीएसडीत नव्हतं. हे माझंच कर्तृत्व, आणि चार दिवसांत मला सगळ्यात लाज वाटली ती याची.

मग ढग

त्या फाइलीत 63 लेयर होते. ढगाचा लेयर सापडला, त्याचं नाव `Layer 14 copy 3`. यावरून काय कळायचं, कपाळ.

इथे एक फरक समजून घ्यायला हवा, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. फोटोशॉपमध्ये चित्र दोन वाटांनी आत येतं. प्लेस करून आणलं तर ते स्मार्ट ऑब्जेक्ट होतं. त्याच्या आत मूळ फाइल जशीच्या तशी बसलेली असते, आणि लेयरवर उजवी क्लिक करून आतला मजकूर उघडला की मूळ नाव आणि मूळ मेटाडेटा हाती लागतो. कॉपी-पेस्ट करून किंवा दुसऱ्या खिडकीतून ओढून आणलं तर फक्त पिक्सेल येतात. नाव, छायाचित्रकार, परवाना, सगळं दारातच गळून पडतं. आमच्या चौदांपैकी सहा स्मार्ट ऑब्जेक्ट होती. त्यांचा माग दोन-दोन मिनिटांत लागला. ढग पेस्ट केलेला होता.

तरी एक बारीकशी वाट उरते. पेस्ट करताना मूळ डॉक्युमेंटला स्वतःचा ओळखक्रमांक असेल तर फोटोशॉप तो क्रमांक नव्या फाइलीच्या मेटाडेटात पूर्वजांच्या यादीत टाकून ठेवतं. ही यादी पडद्यावर सहज दिसत नाही, पण मेटाडेटा वाचणाऱ्या एक्झिफटूल या प्रोग्रॅमने वाचता येते:

```
exiftool -XMP-photoshop:DocumentAncestors deepgruh_final2_NEW.psd
exiftool -r -T -FileName -XMP-xmpMM:DocumentID sources
```

पहिल्या आज्ञेने पूर्वजांची यादी मिळते, दुसरीने `sources` फोल्डरमधल्या प्रत्येक फाइलीचा क्रमांक. दोन्ही समोरासमोर ठेवून जुळवायचं. आमच्या यादीतला एक क्रमांक `clouds_edit.psd` नावाच्या फाइलीशी जुळला. ही मधली फाइल मैत्रिणीने केली होती. दोन ढग एकत्र आणून, त्यांचा एक लेयर करून तो मुख्य चित्रात पेस्ट केलेला.

आणि तिथेच माग तुटला. दोनांपैकी एक ढग आमच्याच फोटोतला, आकारावरून ओळखला. दुसरा कुठला, ते त्या सपाट फाइलीत कुठेही नव्हतं. पूर्वजांच्या यादीच्या मर्यादा इथे कळतात. ही यादी अमुक क्रमांकाची फाइल कधीतरी आत आली एवढंच सांगते. कुठल्या लेयरमध्ये आली आणि आजही चित्रात आहे की काढून टाकली, हे सांगत नाही. आणि नेटवरून उतरवलेल्या पुष्कळ जेपीजींना असा क्रमांकच नसतो, त्यामुळे त्या यादीत येतच नाहीत.

शेवटी उलट चित्रशोध करून ढग सापडला. एका छायाचित्रकाराने मोफत वापरासाठी ठेवलेला, आमच्या फोल्डरमध्ये `download (3).jpg` या नावाने पडलेला. पानावर परवाना लिहिला होता क्रिएटिव्ह कॉमन्सचा, पण बिगर-व्यावसायिक. म्हणजे विकायच्या पोस्टरवर चालणार नाही.

मैत्रिणीला अंधूक आठवत होतं की तिने घेतला तेव्हा फक्त श्रेय द्या एवढीच अट होती. तसं असणं अशक्य नाही. परवाना पुढे बदलता येतो. पण क्रिएटिव्ह कॉमन्सचा दिलेला परवाना परत घेता येत नाही. जुन्या अटींवर ज्याने घेतलं त्याचा हक्क, तो अटी पाळतो तोवर, टिकतो. पण त्या दिवशी पानावर काय होतं याचा पुरावा आमच्याकडे काहीच नव्हता. ना तारीख, ना पानाचं चित्र. आठवणीवर कोणी पोस्टर छापत नाही. आम्ही ढग बदलायचं ठरवलं आणि त्यासोबत चंद्राची आभाही नव्याने करावी लागली, कारण ती त्याच ढगाच्या कडेवर रंगवलेली होती.

नवी पद्धत, त्याच फाइलीवर

ढग बदलतानाच आम्ही ठरवलं की ही फाइल पुन्हा अशी अडवणार नाही. तीन गोष्टी केल्या: फाइलीचं नाव, आवृत्त्यांची वही आणि स्रोतांची वही. या तिघांची सरमिसळ करायचा मोह होतो. नावातच तारीख, बदल, कोणी केला, कुणासाठी, सगळं कोंबलं जातं. आमचं मत असं झालं की नावाने एकच गोष्ट सांगावी: ही कुठली फाइल. काय बदललं हे आवृत्त्यांच्या वहीने सांगावं आणि आतलं काय कुठून आलं हे स्रोतांच्या वहीने.

नाव असं ठरलं:

```
dpg_panel_v012.psd
dpg_panel_v012_out-chhapai.tif
```

आवृत्तीला तीन आकडे, म्हणजे `v9` नंतर `v10` आलं की यादीत क्रम बिघडतो तो बिघडत नाही. 'फायनल' हा शब्द हद्दपार. तारीखही नावात नाही. यावर आमचा वाद झाला, मैत्रिणीला तारीख हवी होती. पण तारीख आणि आवृत्ती दोन्ही असले की एक दिवस कोणीतरी कालची फाइल आज उघडून सेव्ह करतो आणि नावातली तारीख खोटी पडते. तारीख वहीत राहिली.

बाहेर जाणाऱ्या प्रतीच्या नावात ती कुठल्या आवृत्तीतून निघाली ते येतंच. आणि एक कडक नियम: `out` असलेल्या फाइलीला हात लावायचा नाही. एक पक्षी पुसायचा असला तरी पीएसडीत पुसायचा, आवृत्ती वाढवायची, नवी प्रत काढायची. हा नियम कोणासाठी केलाय ते सांगायला नको.

नावं रोमन लिपीत का, असं एकाने विचारलं. देवनागरीत फाइलींची नावं हल्ली सगळीकडे चालतात, पण एक गंमत आहे. 'दुसऱ्या' या शब्दातला 'ऱ' संगणकात दोन प्रकारे लिहिला जातो. एकतर तो अख्खं एक अक्षर असतो, नाहीतर 'र' आणि खालचं टिंब अशी जोडी. डोळ्यांना दोन्ही सारखेच. पण फाइल एका संगणकावरून दुसऱ्यावर जाताना त्याचं रूप बदललं तर शोधताना एक सापडते, दुसरी सापडत नाही. वहीत आणि लेयरच्या नावांत मात्र आम्ही मराठीच लिहितो.

आवृत्त्यांची वही

ही साधी टेक्स्ट फाइल, पीएसडीच्या शेजारीच ठेवलेली. ढग बदलला त्या दिवसांच्या ओळी अशा, त्यातले S चे क्रमांक स्रोतांच्या वहीतले:

```
v012 | 2024-02-09 | न | v011 वरून | उजवा पक्षी काढला (छापील प्रतीशी जुळवलं)
v013 | 2024-02-11 | प | v012 वरून | S09 ढग काढला, S15 आणला | S09 विक्रीला चालत नाही
v014 | 2024-02-11 | न | v012 वरून | लाटेचा फेस उजळ केला
v015 | 2024-02-12 | प | v013 वरून | v014 मधला फेस आणला; चंद्राची आभा नवी
```

यातला चौथा रकाना, 'कशावरून', सुरुवातीला मला फालतू वाटला होता. तेरानंतर चौदा येणार, त्यात काय लिहायचं? पण ओळी बघा. 11 तारखेला आम्ही दोघांनीही बाराव्या आवृत्तीवरूनच काम केलं. म्हणजे चौदाव्या आवृत्तीत जुना ढग अजून आहे. तो रकाना नसता तर नंतर कोणीही चौदावी ही तेरावीपेक्षा ताजी समजून उचलली असती आणि विकायला न चालणारा ढग परत छापून आला असता.

आवृत्ती कधी वाढवायची? प्रत्येक सेव्हला नाही, नाहीतर डिस्क भरते आणि वही कोणी वाचत नाही. आम्ही तीनच प्रसंग धरले: एखादा स्रोत आत आला किंवा बाहेर गेला, लेयर एकत्र करण्यासारखं परत न फिरवता येणारं काही केलं, किंवा फाइल दुसऱ्याच्या हातात गेली. मास्क थोडा पुसला, रंग हलका केला, त्याला आवृत्ती नाही.

फोटोशॉप स्वतः इतिहास लिहून ठेवू शकतं, मग वही कशाला? आम्ही ती सोय आठवडाभर चालू ठेवून बघितली. हिस्टरी लॉग प्रेफरन्सेसमध्ये चालू करता येतो आणि त्याच्या तीन पातळ्या असतात. सविस्तर पातळीवर ब्रशच्या फटकाऱ्यांच्या ओळीच ओळी जमल्या. फटकारा चित्रात नेमका कुठे आणि का मारला, ते कुठेच नाही. आम्हाला उपयोगी पडली ती सगळ्यात त्रोटक पातळी, जी फक्त कुठली फाइल कधी उघडली आणि बंद केली ते लिहिते. वहीत ओळ लिहायची राहिली तर तारखेची खात्री तिथून करता येते. मात्र हा लॉग वेगळ्या टेक्स्ट फाइलीतच साठवायचा. मेटाडेटात साठवला तर तो चित्राबरोबर ग्राहकाच्या हाती जाऊ शकतो.

स्रोतांची वही

खरी दुरुस्ती इथे आहे. प्रत्येक बाहेरच्या आणि घरच्या चित्राला ते हातात आल्याक्षणी एक क्रमांक: S01, S02. हा क्रमांक पुन्हा कधीच दुसऱ्याला द्यायचा नाही, चित्र काढून टाकलं तरी. नव्या ढगाची नोंद (हा आमच्याच कॅमेऱ्यातला) आणि काढलेल्या ढगाची नोंद शेजारी शेजारी आहे. प्रत्येक नोंदीत असतं: मूळ फाइलनाव, छायाचित्रकार, पानाचा पत्ता, परवाना त्याच्या आवृत्तीसह, घेतल्याची तारीख, त्या दिवशीच्या पानाच्या स्क्रीनशॉटचं नाव, चित्रातला कुठला भाग घेतला, आणि कुठल्या आवृत्तीत आला-गेला. पत्ता पानाचा लिहायचा, चित्राच्या थेट दुव्याचा नाही, कारण परवाना पानावर असतो.

यात एक रकाना फाइलीच्या ठशाचा. SHA-256 ने फाइलीचा ठसा काढला की 64 अक्षरांची एक ओळ मिळते. फाइलीतला एक बिट बदलला तरी ती पार वेगळी होते.

```
shasum -a 256 S15_dhag.jpg
certutil -hashfile S15_dhag.jpg SHA256
```

पहिली आज्ञा मॅकवर, दुसरी विंडोजवर. फाइलीचं नाव बदलल्याने ठसा बदलत नाही, म्हणून `download (3).jpg` ला कोणी काहीही नाव दिलं तरी ती ओळखू येते. पण जेपीजीला तारे दिले, शीर्षक लिहिलं आणि ते फाइलीतच साठलं, की ठसा बदलला. म्हणून ठसा फाइल उतरवल्याबरोबर, कशातही उघडण्याआधी काढायचा, मूळ प्रतीचा फोल्डर फक्त वाचण्यापुरता करून टाकायचा आणि काम दुसऱ्या प्रतीवर करायचं.

आता आमचा माग जिथे तुटला होता ती जागा: दोन ढगांची मधली फाइल. अशा मधल्या फाइलींना आता आम्ही वेगळा क्रमांक देतो, D ने सुरू होणारा, आणि वहीत एकच ओळ लिहितो: `D03 = S04 + S15`. लेयरचं नाव `D03 ढग डावा`. मुख्य फाइलीत लेयरवर बोट ठेवलं की वहीत D03, तिथून S04 आणि S15, तिथून पान आणि परवाना. सगळी साखळी या क्रमांकावर चालते, म्हणून लेयरच्या नावात तो असलाच पाहिजे. वही कितीही सुबक असो, लेयर `Layer 14 copy 3` असेल तर तिचा चित्राशी संबंधच उरत नाही.

मधल्या फाइली लिंक करून ठेवाव्यात की आत बसवाव्यात, यावर थोडा विचार करावा लागला. लिंक केल्या तर मुख्य फाइल हलकी राहते. पण लिंक केलेली फाइल बदलून त्याच नावाने साठवली आणि जुनी आवृत्ती उघडून लिंक अद्ययावत केली, की जुन्या आवृत्तीतही नवा ढग येतो. दहावी आवृत्ती मग दहावी राहत नाही. आम्ही आत बसवायचं ठरवलं आणि वजन सोसलं. पीएसडीची मर्यादा 2 जीबी आहे, ती जवळ आली की मोठ्या फाइलींसाठीचा पीएसबी.

तपासणी

पद्धत चालते का हे बघायला आम्ही एक खेळ केला. मी पॅनलच्या प्रिंटवर पाच ठिकाणी पेन्सिलने टिंबं मारली. मैत्रिणीने प्रत्येक टिंबाखालच्या पिक्सेलपासून स्रोताच्या नोंदीपर्यंत जायचं, मला काहीही न विचारता. चार टिंबं काही मिनिटांत सुटली. पाचवं होतं दीपगृहाच्या पायथ्याशी, गवताच्या एका झुबक्यावर. लेयरचं नाव होतं `S02 पायथा`, पण S02 मध्ये गवतच नव्हतं. तिने मास्क उचकटून पाहिले, लेयर एकेक करून बंद केले. झुबका तिथेच.

तो क्लोन स्टॅम्पने मीच आणला होता, दुसऱ्या उघड्या खिडकीतल्या फोटोतून, थेट S02 च्या पिक्सेलवर. क्लोन करताना पिक्सेल इकडून तिकडे जातात आणि लेयरच्या नावावर त्याची खूण पडत नाही. फोटो आमचाच निघाला म्हणून वाचलो. आता क्लोनचं सगळं काम वेगळ्या रिकाम्या लेयरवर करतो, नमुना खालच्या लेयरवरून घ्यायची सोय चालू ठेवून. आणि दुसऱ्या फाइलीतून काही आणलं तर त्या लेयरच्या नावात तिचा क्रमांक जातो: `क्लोन S11 गवत`. S11 च्या ओळीत 'घेतलेला भाग' या रकान्यात त्याच दिवशी 'डावीकडचं गवत' असं लिहिलं.

आयोजकांना सोळाव्या आवृत्तीतून निघालेली प्रत आणि स्रोतांच्या वहीतली चौदा ओळींची यादी पाठवली. S09 त्या यादीत नव्हता. आमच्या वहीत तो अजूनही आहे, पानाच्या पत्त्यासह, पुढे लिहिलेलं: v013 मध्ये काढला.